दोन-दोन ब्लँकेट घेऊनही पहाटे हीव लागतं आणि अंथरूण ओलसर होतं: नेमकं बिघडतं कुठे?

डिसेंबर लागला की आमच्याकडे विदर्भात एकच तक्रार घरोघरी ऐकू येते. रात्री दहाला झोपलो तेव्हा मस्त गरम होतं, खरं तर जरा जास्तच गरम, आणि साडेतीन-चारला जाग आली ती कुडकुडत, पाठ गार, बनियन ओलसर, मग अंधारात चाचपडत उठायचं आणि पेटीवरचं अजून एक ब्लँकेट ओढून घ्यायचं. दुसऱ्या रात्री ते ब्लँकेट आधीपासूनच अंगावर घेतलं जातं, आणि त्रास कमी व्हायचा सोडून वाढतो. मग कोणी म्हणतं ब्लँकेटच हलकं निघालं, कोणी म्हणतं यंदा थंडीच लय हाये. थंडी असतेच, पण बहुतेक वेळा भानगड वेगळी असते.

आपल्या इकडची घरं बांधलेली असतात मे महिन्याच्या ४५ डिग्रीसाठी. उंच कवेलू नाहीतर टिन, वरून वारा खेळता, खाली शहाबादी नाहीतर आता घरकुलात टाइल्स. हीटर वगैरे कोणाकडे नाही आणि असला तरी रात्रीच्या लाइनीचा भरवसा नाही. आणि थंडी आपल्याकडे दिवसभर नसतेच, दुपारी २८ डिग्रीत माणूस शर्टाच्या बाह्या वर करून कापूस वेचतो आणि पहाटे पारा ८-१० वर येतो. कधी त्याच्याही खाली जातो, २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ नोंदला गेला होता. त्यामुळे रात्री दहाची खोली आणि पहाटे पाचची खोली ह्या दोन वेगळ्या खोल्या समजा. दहाला भिंतीत दिवसाचं ऊन शिल्लक असतं, स्लॅबच्या खोलीत तेव्हा २०-२१ डिग्री सहज असतात, पाचला तीच खोली १४ वर आलेली असते.

आता शरीराचं बघा. झोप लागायच्या वेळी शरीर आतली उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणून तेव्हा हात-पाय कोमट लागतात, आणि आतलं तापमान सगळ्यात खाली जातं ते पहाटे चार-पाचच्या सुमारास. म्हणजे ज्या वेळी पांघरूण कमी लागतं त्या वेळी आपण स्वेटर, मोजे, कानटोपी आणि वर जाड मिंक ब्लँकेट असा सगळा जामानिमा करून झोपतो, घाम येतो, आणि ज्या वेळी खरी ऊब पाहिजे त्या वेळी तेच कपडे ओलसर झालेले असतात. कापडात ऊब असते ती धाग्यांच्या मधल्या कोरड्या हवेची. तिथे पाणी शिरलं की ती हवा गेली, शिवाय ते पाणी वाळताना अंगाचीच उष्णता खातं. घाम दिसला नाही तरी रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी माणूस बाहेर टाकतोच, ते अंथरुणात अडकतं की बाहेर निघून जातं एवढाच प्रश्न आहे.

म्हणून अजून एक ब्लँकेट घ्यायच्या आधी ओल कुठे आहे ते शोधा, कारण ओलीच्या जागेवरून कारण कळतं आणि इलाज प्रत्येकाचा वेगळा आहे, कधी कधी एकदम उलटा.

झोप लागल्यावर तासाभराने, म्हणजे साधारण अकराला, घरातल्या कोणीतरी झोपलेल्याच्या मानेच्या मागे आणि दोन खांद्यांच्या मधे हात लावून पाहायचा. हाता-पायांवरून काही ठरवू नका, ते गार असले तरी माणूस आतून तापलेला असू शकतो. मान चिकट लागली तर पांघरूण जास्त झालंय, मग पहाटे कितीही हीव लागो. नंतर पहाटे जाग आली की लगेच उठून नवं ब्लँकेट ओढू नका, आधी हाताने एकेक थर चाचपा. बनियन ओलं पण वरची चादर कोरडी, म्हणजे तो घाम. बनियन ठीक पण ब्लँकेटची आतली बाजू दमट, म्हणजे अंगाची वाफ वर जाऊन तिथे अडली. सगळं कोरडं आणि तरी फक्त पाठ-कंबर गार, म्हणजे थंडी खालून येते. आणि ब्लँकेटच्या वरच्या बाजूला थेंब किंवा ओलसर डाग, तर ते टिनाचं पाणी आहे, त्याचं पुढे सांगतो.

सकाळी गादी उलटून खालची बाजू बघायचीच. ही बाजू कोणी बघत नाही आणि निम्मा वास तिथूनच येतो. हाताला गार लागलं म्हणजे ओलंच असं नाही, गार फरशीवरची कोरडी गादीसुद्धा हाताला ओलसर भासते. त्यासाठी साधी युक्ती आहे, रात्री गादीखाली पेपराचं एक पान सरळ घालून ठेवायचं. सकाळी ते कडक, खडखड वाजणारं निघालं तर गादी कोरडी, लोळागोळा होऊन निघालं, मोडलं तरी आवाज नाही, तर खाली ओल धरते आहे. मग ती ओल जमिनीची की अंगाची हे पाहायला गादी बाजूला करून रिकाम्या जमिनीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाणी धरलं तर जमिनीतून ओल वर येते आहे. वरच्या बाजूला धरलं तर खोलीतल्या हवेची वाफ गार फरशीवर बसते आहे. काहीच नाही आणि तरी रात्री पेपर मऊ होतो, तर मग ते अंगाचंच पाणी, गादीतून खाली झिरपून फरशीपाशी अडलेलं.

माझ्या ताईचं घर आर्वी तालुक्यात आहे, गेल्या हिवाळ्यात तिथे हेच सगळं एका घरात दोन प्रकारांनी पाहायला मिळालं. आत स्लॅबची नवी खोली, तिथे ताई-भाऊजी आणि मधे पाच वर्षांची पोरगी, टाइल्सवर सतरंजी, तिच्यावर गादी. बाहेर ओसरीला लागून जुनी कवेलूची खोली, तिथे ताईचे सासरे, त्यांना सगळे आबाजीच म्हणतात, नायलॉन पट्टीच्या बाजेवर. तक्रार दोघांची एकच. आबाजी म्हणत, "काऊन बा, दोन ब्लँकेट घेतो तरी पाठीतलं हीव जात नाही." आणि भाऊजी म्हणत की मलाही पहाटे तसंच होते, वरून अंथरुणाला कुबट वास मारते. उपाय दोघांसाठी एकच केला होता, बाजारातून एकेक जाड डबल मिंक ब्लँकेट.

ताईने अकराला भाऊजींच्या मानेला हात लावला तर मान चिपचिपीत. अंगात गरम इनर, वर ॲक्रिलिकचा स्वेटर, पायात दिवसभर घातलेलेच मोजे, वर मिंक. पोरीचे केस तर कपाळाला चिकटलेले, कारण ती दोघांच्या मधे, तिला दोन्हीकडून शेक. खोलीत एकच खिडकी, ती गच्च बंद, दाराखाली पोतं. सकाळी गादी उलटली तर पेपर पार मऊ आणि गादीच्या खोळीवर दोन ठिकाणी काळपट ठिपके, बुरशीची सुरुवात. प्लॅस्टिक लावून पाहिलं, खाली काही नाही, वर काही नाही. म्हणजे जमीन कोरडी होती, पाणी माणसांचंच.

आबाजींकडे उलटं. अकराला मान कोरडी, पहाटे बनियन कोरडं, दोन्ही ब्लँकेटं कोरडी, पण बाजेवर फक्त एक पातळ गोधडी आणि ती वर्षानुवर्षं दबून पापडासारखी झालेली. नायलॉन पट्टीच्या भोकांतून खालून वारा, आणि त्यांची बाज नेमकी दारासमोर. त्यांनी अजून चार ब्लँकेटं घेतली असती तरी पाठीला काही फरक पडला नसता, कारण अंगाखाली जे असतं ते वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब वरच्या पांघरुणाच्या मानाने फारच कमी राहते. ही गोष्ट लोक विसरतात, पैसे सगळे वरच्या ब्लँकेटवर घालवतात आणि खाली तीच जुनी वाकळ.

आबाजींचं काम एका दुपारीच झालं. बाजेवर आधी बांबूचा तट्टा, वारा अडवायला, त्याच्यावर कापसाची जुनी गादी उन्हात फुगवून, तिच्यावर दुहेरी घडीची गोधडी. बाज दारासमोरून हटवून आतल्या भिंतीकडे, पण भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर ठेवून, कारण बाहेरची भिंत पहाटे गार पडते आणि तिला टेकलेलं पांघरूण ओल धरतं. मग दोनातलं एक ब्लँकेट त्यांनी स्वतःच काढून ठेवलं, म्हणाले छातीवर वजन लय होत होतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या पट्ट्यात अंगाखाली तणस पसरून वर गोधडी टाकायची जुनी पद्धत आहे, तीही ह्याच कारणासाठी चांगली, तणसात हवा धरून राहते आणि सहज दबत नाही, फक्त ती पूर्ण वाळलेली पाहिजे आणि हिवाळ्यात मधेच एकदा बदलली पाहिजे, नाहीतर किडे होतात. ज्यांच्याकडे तणस नाही त्यांनी पोत्यांमध्ये वाळलेला कडबा वगैरे भरायच्या फंदात पडू नका, टोचते आणि धूळही फार निघते, त्यापेक्षा दोन गोधड्या बऱ्या.

आतल्या खोलीचं मात्र जरा जास्त निस्तरावं लागलं.

पहिली गोष्ट अंगावरचे कपडे. ऊब कपड्यात कमी आणि पांघरुणात जास्त ठेवायची, कारण झोपेत माणूस पांघरूण लाथेने सारू शकतो, स्वेटर काढू शकत नाही. अंगात सैल, धुतलेला, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता नाहीतर जुना टी-शर्ट, आणि सैल पायजमा. फारच थंडी असेल तर इनर चालतो पण तोही घट्ट नको, आणि दिवसभर अंगात असलेला तर नकोच, शेतातून आल्यावर त्यात घाम मुरलेला असतो आणि दिसत नसला तरी तो रात्री गार पडतो. झोपायच्या आधी कपडे बदलणे ही एवढी छोटी गोष्ट आहे पण भाऊजींचं पहिलं सुख तिथूनच सुरू झालं. पायात सैल लोकरीचे किंवा जाड सुती मोजे, झोपताना घालायचे वेगळेच ठेवलेले. घट्ट इलॅस्टिकचे नकोत, पायाला रक्तच नीट जात नाही मग पाय गारच राहतात. पाय गरम असले तर झोप लवकर लागते, पुढे मोजे काढावेसे वाटले तर काढा. कानटोपी ज्यांना टक्कल आहे किंवा दाराच्या वाऱ्यात झोपावं लागतं त्यांनी घालावी, बाकीच्यांनी डोक्याला सैलसर रुमाल पुरतो. आणि तोंडावरून पांघरूण घ्यायची सवय सोडा, श्वासाची सगळी वाफ आत जाते, सकाळी छातीवरचा भाग जो दमट लागतो तो त्याच्यामुळे.

दुसरं पांघरुणाचा क्रम. अंगाला लागून सुती चादर, सोलापुरी असली तर उत्तम, नाहीतर पातळ जुन्या लुगड्याची गोधडी. तिच्यावर रजई किंवा घोंगडी. मिंक असेल तर सगळ्यात वर, आणि तेही पूर्ण न पसरता कमरेपासून खाली घडी करून पायाशी ठेवायचं, पहाटे जाग न मोडता वर ओढता येतं. आता ह्यात मिंक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, त्याच्यातून वाफ जातच नाही असंही नाही, पण ते पॉलिस्टर असतं, पाणी धाग्यात मुरवून घेत नाही, म्हणून कातडीला लागून असलं की चिकट वाटतं, आणि दुसरं म्हणजे ते एकच जाड थर असतं, घेतलं तर भट्टी आणि सारलं तर उघडं. कापूस ओल पितो, पण पिऊन धरून ठेवतो आणि भिजला की गार लागतो, म्हणून तो रोज वाळवला तरच कामाचा. लोकर ह्या दोन्हींपेक्षा भारी, आपल्या वजनाच्या पाव हिश्शापेक्षाही जास्त ओल पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही, त्यामुळे घरात खरी लोकरीची घोंगडी असेल आणि ती टोचते म्हणून माळ्यावर पडली असेल तर खाली उतरवा, खाली चादर असली की टोचत नाही.

किती घ्यायचं ह्याचं गणित प्रत्येकाचं वेगळं, पण अंदाज सांगतो. आज-काल दोन-तीनशे रुपयांत घड्याळासारखं छोटं थर्मामीटर मिळतं, त्यात हवेतली आर्द्रताही दाखवतात, ते उशाशी ठेवा. खोलीत १८ च्या वर असेल तर चादर आणि एक गोधडी पुरते. १४-१५ ला चादर आणि रजई. १० च्या आसपास गेलं तर ह्याच्यावर घोंगडी किंवा ब्लँकेट. पण हे पहाटेचे आकडे आहेत, रात्री दहाचे नाहीत, म्हणून दहाला एक थर कमी घेऊन झोपायचं आणि तो पायाशी ठेवायचा. झोपताना पहिली दहा मिनिटं जरा गारवा लागला पाहिजे, तेव्हाच लगेच उबदार वाटलं तर थोड्या वेळाने घाम ठरलेला.

ती पहिली दहा मिनिटं ज्यांना सहन होत नाहीत त्यांच्यासाठी गरम पाण्याची पिशवी किंवा स्टीलची घट्ट झाकणाची बाटली. पाणी उकळतं नको, चांगलं गरम पण बोट क्षणभर सहन करेल इतकं, वरून जाड मोजा नाहीतर टॉवेल गुंडाळलेला, झोपायच्या वीस मिनिटं आधी अंथरुणात पायाच्या जागी ठेवायची आणि झोपताना अंगापासून हातभर सरकवायची. शुगर असलेल्यांना पायाला चटका कळत नाही, त्यांनी झोपताना ती काढूनच टाकावी. आणि कोळशाची शेगडी किंवा चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन बंद खोलीत ठेवायचे नाहीत, कितीही थंडी असो, विझत आलेत असं वाटत असलं तरी. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते अंगणात शेकून या, मग कोरडे कपडे घालून झोपा.

तिसरं गादी. फरशीवर सरळ गादी टाकली की अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, खालची बाजू फरशीमुळे गार असते, तिथे पाणी होऊन बसते आणि तिला बाहेर निघायला जागाच नाही. ताईकडे गादीखालची सतरंजी काढून तट्टा टाकला, बांबूच्या विणीतून थोडी हवा खेळते, आणि घरातल्या जुन्या फळ्या पडून होत्या त्या विटांवर टाकून चार बोटं उंची केली, फळ्यांमध्ये बोटभर फट सोडून. दुसऱ्या आठवड्यात पेपर सकाळी खडखडीत. गादीवर पोरीने ओलं करू नये म्हणून मेणकापड घातलं होतं, ते अख्ख्या गादीवर होतं, त्याच्यावर झोपणाऱ्याची पाठ घामटणारच. ते कापून फक्त पोरीच्या कमरेखाली ठेवलं आणि त्याच्यावर दुहेरी सुती कापड. ज्यांच्या गादीला दुकानातूनच रेक्झीनची खोळ येते त्यांनी सुती खोळ शिवून घ्या.

सकाळी उठल्या-उठल्या अंथरूण घडी करून पेटीवर ठेवायची आपली सवय आहे, दिसायला नीटनेटकं दिसते पण रात्रीची सगळी वाफ घडीत बंद होते. चादर-रजई अर्धा-पाऊण तास उलटी पसरून ठेवा, गादी भिंतीला उभी करा, मग घडी. आणि ऊन. आपल्याकडची हिवाळ्यातली दुपार कोरडी असते, ह्या बाबतीत आपण नशीबवान, कोकणातल्या माणसाला इतकी कोरडी हवा मिळत नाही. पण वेळ पाहून, अकरा ते तीन-साडेतीन, मधे एकदा पलटून. बरेच जण कामावर जाताना सकाळी आठला गच्चीवर टाकतात आणि दिवेलागणीला आणतात, त्यात गोम अशी की साडेचारनंतर हवा गार व्हायला लागते, कापूस परत ओल खेचायला सुरुवात करतो, आणि सूर्य बुडाल्यावर दव. शेजारी गव्हाला किंवा हरभऱ्याला ओलित चालू असेल तर अजूनच. शेतात जाणाऱ्यांना साडेतीनला घरी येणं जमत नाही हे मान्य आहे, मग घरात म्हातारं माणूस किंवा शाळेतून आलेलं पोरगं असेल त्याला सांगून ठेवा, नाहीतर रोज टाकण्यापेक्षा सुटीच्या दिवशी दोनदा पलटून नीट वाळवा. उन्हातून आणलं की लगेच गच्च घडी नको, थोडं निवू द्या.

गादीवर काळे ठिपके आले असतील तर आधी उन्हात पूर्ण वाळवून, अंगणात तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झाडा, घरात झाडू नका. खोळ गरम पाण्यात धुवा. रुईच्या आतपर्यंत वास गेला असेल तर वरवर ऊन देऊन जात नाही, मग पिंजाऱ्याकडे नेऊन खराब रुई काढून टाकायला सांगा.

चौथं खोलीची हवा, आणि इथे ताईचं नि माझं बराच वेळ वाजलं कारण तिचं म्हणणं, थंडी आहे तर खिडकी उघडायची कशी. उघडायची नाही, वरच्या बाजूला तीन-चार बोटांची फट ठेवायची, अंथरुणावर वारा येणार नाही अशी. तिघंजण गच्च बंद खोलीत झोपले की श्वासानेच हवा दमट होते, पहाटे तापमान खाली आलं की तीच वाफ गार जागा शोधून बसते, काचेवर, भिंतीच्या कोपऱ्यात, गादीखाली. त्या छोट्या थर्मामीटरवर आर्द्रता सकाळी ७० च्या वर रोज दिसत असेल तर खोली फार बंद आहे किंवा आत कुठेतरी पाणी आहे असं समजा. हे आत पाणी म्हणजे काय, तर रात्री दोरीवर वाळत घातलेले कपडे, झोपायच्या खोलीतच ठेवलेलं उघडं पाण्याचं पिंप, आणि मातीच्या घरात संध्याकाळी घातलेलं शेणाचं सारवण. हिवाळ्यात सारवायचं ते सकाळी, संध्याकाळपर्यंत खडखडीत झालं पाहिजे. दाराखालचं पोतं राहू द्या, तो वारा सरळ जमिनीवरून अंथरुणात येतो, तो अडवायलाच पाहिजे.

टिनाच्या घरांचा वेगळा वांधा. निरभ्र रात्री टिन बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होतात आणि पहाटे टपटप पांघरुणावर. वरून ब्लँकेट ओलं दिसतं आणि लोक घाम समजून गोंधळतात. ह्याला अंथरुणाच्या वर दोन-तीन फूट जागा सोडून जुन्या लुगड्याचं किंवा चादरीचं छत बांधा, एका बाजूने थोडं उतरतं. थेंब त्यात मुरतात, आणि वरच्या गार टिनाकडे अंगाची उष्णता जी जाते तीही अडते, हा फरक पहिल्या रात्रीच जाणवतो. ताडपत्री बांधू नका, तिलाही खालून पाणी धरतं. मच्छरदाणी लावत असाल तर चांगलंच, वारा जरा तुटतो.

लहान बाळाचं मात्र वेगळं. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना टोपडं, जाड रजई किंवा मोठ्यांचं ब्लँकेट नको, नाकातोंडावर येऊ शकतं आणि बाळ तापून जातं. मोठ्यांपेक्षा एखादा थर जास्त असे अंगभर कपडे घाला, आणि छातीला नाहीतर मानेमागे हात लावून बघा, कोमट आणि कोरडी असली की झालं. आपल्याकडे आज्या बाळाचे गार हात बघून अजून गुंडाळतात, त्यांना समजावणं कठीण जातं हे माहीत आहे. पाच वर्षांच्या पोरीला ताईने मधून काढून एका कडेला तिची स्वतःची गोधडी दिली, घामाचा प्रश्न तिथेच मिटला. म्हाताऱ्या माणसांचं उलट, त्यांना थंडी उशिरा कळते, आणि रात्री लघवीला उठून परत येईपर्यंत अंथरूण गार होतं, म्हणून उठताना पांघरूण उघडं न टाकता परत झाकून जायचं आणि उशाशी एक शाल.

एवढं सगळं करून, खोली गार, पांघरूण हलकं, तरीही कोणाला रोज रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येत असेल तर पांघरुणात कारण शोधत बसू नका. सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन उतरणं असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, टीबीची तपासणी तिथे फुकट होते. आणि प्लॅस्टिकच्या चाचणीत जमिनीतूनच ओल निघाली असेल, किंवा भिंतीचा प्लास्टर खालून हातभर फुगलेला असेल, तर ते अंथरुणाने सुटणारं काम नाही, तोवर बाजेवर झोपा आणि गवंड्याला दाखवा.

रजई नवी घेण्याआधी जुनी एकदा दोघांनी धरून उन्हासमोर आडवी करून बघा. जिथून उजेड सरळ आरपार दिसतो तिथे रुई सरकून गोळा झाली आहे, टाके उसवलेत, आणि पहाटेचं हीव नेमकं तिथूनच शिरतं. पिंजून, फुगवून, थोडी रुई घालून आणि टाके जवळ-जवळ घालून घेतले तर तीच रजई परत नव्यासारखी होते, एका माणसाच्या रजईला दीड-दोन किलो रुई पुरते, जास्त भरली तर वजनच होतं. हे काम दिवाळीनंतर लगेच टाका, डिसेंबरात पिंजाऱ्याकडे रांग असते. गोधड्या धुवायच्या त्याही त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात वाळतात, जानेवारीत धुतलेली जाड वाकळ दोन दिवस आतून ओलीच राहते, वरून कोरडी लागली तरी मधल्या थरात बोट दाबून बघा.